शेतकरी फ्युचर्समध्ये भाव आधीच बांधून घेतो म्हणजे नेमकं काय? भाव वाढला तर त्याचं नुकसानच ना?

फ्युचर्स म्हणजे पुढच्या महिन्यांसाठी आजच भाव ठरवून वायदेबाजारात, म्हणजे एक्सचेंजवर, होणारे करार. यात माल बहुतेक वेळा एक्सचेंजकडे जातच नाही, तिथून फक्त भावातला फरक मिळतो किंवा भरावा लागतो. माल शेतकरी नेहमीच्या व्यापाऱ्यालाच विकतो.

समजा, पेरणीच्या वेळी त्याने काढणीच्या महिन्याचा कापसाचा करार १०० ला विकला. काढणीला भाव ८० झाला. कापूस ८० ला गेला, पण विकलेला करार ८० ला परत घेऊन सौदा मिटवताना २० मिळाले. एकूण १००. उलट भाव १२५ झाला तर कापसाचे १२५ मिळतात, करारात २५ जातात. हातात पुन्हा १००च. म्हणजे हे नुकसान नाही, वरचा फायदा त्याने आधीच सोडून दिलेला असतो.

खरी अडचण वेगळीच, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. करारातला तोटा रोजच्या रोज मार्जिन खात्यातून, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेल्या अनामत रकमेतून, कापला जातो. भाव चढत असताना पीक अजून शेतात उभं असतं, पैसे मात्र आजच भरावे लागतात. भरले नाहीत तर ब्रोकर सौदा मध्येच मिटवून टाकतो. त्यानंतर भाव कोसळला तर दोन्हीकडून मार.

शिवाय एक्सचेंजचा भाव ८० आणि गावचा व्यापारी ७६ देत असेल, तर हातात ९६च पडतात. या फरकाला बेसिस म्हणतात, तो करारात बांधला जात नाही. आणि पीक किती येईल याची खात्री नसल्याने सगळ्या अपेक्षित उत्पादनाचे करार विकू नयेत.