आयसीयू खोडा, प्रसूती कक्ष लिहा

"मुलगी जीएनएम आहे. २०२२च्या मार्चमध्ये कौन्सिलची नोंदणी झाली, जूनपासून यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर निघते. एजंट म्हणतो, रिझ्युमेत दोन वर्षं आयसीयू टाका, दुबईचं काम होते. साडेचार लाख मागतो. दोन एकर विकायची तयारी आहे, पण पोरगी ऐकत नाही. तिला समजवा."

भाऊ, पोरगी बरोबर आहे. समजवायचं आहे ते तुम्हाला. तिला जायचंय का, कुठे जायचंय, हे तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही. एजंटचं म्हणणं मात्र सगळं आहे. तिच्याशी निवांत बोलणं होईपर्यंत वावर विकू नका. नोंदणीकृत एजंटला कायद्याने ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढीच फी घेता येते. त्याची नोंदणी emigrate.gov.in वर तपासा.

रिझ्युमेत लिहिलेलं कोण पाहतं, हा तुमचा सर्वांत मोठा गैरसमज. दुबईच्या परवान्याआधी डेटाफ्लो ही संस्था कॉलेज, नर्सिंग कौन्सिल आणि अनुभवाचं पत्र देणारं रुग्णालय, या तिघांना थेट विचारते. तिची सरकारी ऑर्डर आणि खासगी आयसीयूचं खोटं पत्र एकाच तारखांचं निघालं, की खोटं तिथेच उघडं पडतं. पुढच्या अर्जातही ते आडवं येतं.

आणि खोट्याची गरजच काय? "सर्व नर्सिंग कामे केली" या ओळीतून परदेशातल्या मेट्रनला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहावं: "जून २०२२ पासून, स्टाफ नर्स, ३० खाटांचं शासकीय रुग्णालय, प्रसूती कक्ष आणि तातडीचे रुग्ण." खाली महिन्याच्या प्रसूती रजिस्टरवरून मोजून लिहाव्यात, रुग्णांची नावं न देता. झटके आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट देताना श्वास, लघवी आणि गुडघ्याचा रिफ्लेक्स पाहणं, साप चावलेल्याला एएसव्ही लावून रिअ‍ॅक्शनवर लक्ष ठेवणं, फवारणीच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन चालू असताना नाडी आणि बाहुल्या तपासणं, यातलं जे तिने स्वतः केलं तेवढंच लिहावं. गंभीर रुग्ण सांभाळल्याचा हा खरा अनुभव आहे.

अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरी वेगळ्या नोकऱ्या म्हणून लिहू नयेत. नोकरी एकच, खाली ऑर्डरींच्या तारखा आणि "कंत्राट नूतनीकरण". नाहीतर मधले खंड नोकरी सोडल्यासारखे दिसतात. कौन्सिलचं नाव, नोंदणी क्रमांक आणि वैधता पहिल्या पानावरच हवी. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच.

परीक्षा म्हणाल तर दुबईला प्रोमेट्रिक, ती संगणकावर होते. ब्रिटनला इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी, संगणकावरची सीबीटी, मग तिथे गेल्यावर प्रात्यक्षिकाची ओएससीई. ब्रिटनच्या रिझ्युमेत फोटो, जन्मतारीख, धर्म, लग्न यातलं काही लागत नाही.

अनुभवाचं पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं आणि जावक क्रमांकाचं घ्या. त्यावर कार्यालयाचा चालू ईमेल असू द्या, आणि चौकशीचा मेल येणार हे तिथल्या बाबूंना आधीच सांगून ठेवा. तो मेल कुणी उघडलाच नाही, तर खरा अनुभवही पडताळता येत नाही.