पाहुण्यांचं भाषण रेकॉर्डेड असेल तर सूत्रसंचालन कसं करावं?

प्रश्न: आमच्या कॉलेजात २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम आहे. प्रमुख पाहुण्या टोरोंटोला असतात, त्या व्हिडिओ पाठवणार आहेत. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. व्हिडिओच्या आधी आणि नंतर काय बोलू?

आधी व्हिडिओ मागवून पूर्ण बघा आणि त्यातलं पहिलं व शेवटचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या. तुमचं निवेदन या दोन वाक्यांना जुळलं पाहिजे. मॅडमनी सुरुवातीलाच नाव, गाव, काम सांगितलं असेल तर ते तुम्ही पुन्हा सांगू नका. माणूस स्वतःबद्दल जे सांगायला संकोचतो तेवढंच तुमच्या वाट्याचं. चार-पाच वाक्यं पुरेत.

व्हिडिओ रेकॉर्डेड आहे हे मात्र सरळ सांगा. ‘आपल्याशी जोडल्या जात आहेत’ म्हणालात की पोरं पडद्याकडे बघून हात हलवतात, एखादा प्रश्नही विचारतो. कारण सांगताना दिलगिरीचा सूर नको. समजा, मॅडम तिथल्या मुलांना मराठी शिकवतात, तर असं म्हणता येईल:

‘आत्ता आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेत, टोरोंटोत रात्रीचे साडेबारा. म्हणून मॅडमनी आपलं मनोगत आधीच रेकॉर्ड करून पाठवलंय. घराबाहेर मराठी कानावर न पडणाऱ्या मुलांना त्या मराठी कशी शिकवतात, ते त्यांच्याकडूनच ऐकूया.’

हे शेवटचं वाक्य लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला लिहून द्या. ‘ऐकूया’ ऐकलं की त्याने प्ले दाबायचं. त्यानंतर तुम्ही एक शब्दही वाढवायचा नाही, नाहीतर मॅडमचा ‘नमस्कार’ तुमच्या आवाजाखाली जातो. फाइल लॅपटॉपवर उतरवलेली आणि पहिल्या चित्रावर थांबवलेली हवी. सकाळी हॉलमध्येच आवाज तपासा. एचडीएमआय लावली की पुष्कळदा आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमधून येतो आणि मागच्या रांगांना काहीच ऐकू जात नाही. तो मिक्सरकडे वळवायला साउंडवाल्याला सांगून ठेवा.

व्हिडिओ चालू असताना माइक बंद करून कडेला उभे राहा आणि पडद्याकडेच बघा. निवेदक कागद चाळू लागला की लोकही मोबाइल काढतात.

व्हिडिओतून बाहेर येणं जास्त अवघड. बोलणारी व्यक्ती समोर नसल्याने टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळत नाही, म्हणून पहिली टाळी तुमची. शेवटी मॅडम कॅमेरा बंद करायला पुढे वाकतात तेवढा तुकडा आधीच कापून घ्या, नाहीतर टाळ्यांऐवजी हशा मिळतो. पडद्याला उद्देशून ‘धन्यवाद मॅडम’ म्हणू नका. भाषणातला एखादाच मुद्दा उचला आणि त्यावरून पुढच्या कार्यक्रमावर या. पुढे काव्यवाचन असेल तर ‘मॅडमचे विद्यार्थी मराठी कवितेतून शिकतात, आपले विद्यार्थी आता स्वतःच्या कविता वाचणार आहेत’ एवढं बास. अर्थात, मॅडम तसं खरंच बोलल्या असतील तरच. भाषणाचा सारांश सांगत बसू नका, लोकांनी ते आत्ताच ऐकलंय.

व्हिडिओ मध्येच अडकला तर? मॅडमकडून भाषणाचा मजकूर आधीच मागवून ठेवा. अर्ध्या मिनिटात चालू झाला नाही तर जिथे तुटला तिथून तुम्हीच वाचा, ‘हे मॅडमचे शब्द’ असं सांगून.