केळीच्या हरण्या रोगावरची मुलाखत: प्रश्नांचा क्रम आणि कापण्याच्या खुणा

प्रश्न: रावेर भागातल्या आमच्या चॅनेलसाठी केळीवरच्या हरण्या रोगाबद्दल एका तज्ज्ञांची मुलाखत घ्यायची आहे. व्हिडिओ आठ-दहा मिनिटांचा हवा, पण सर एकेका प्रश्नावर पाच-पाच मिनिटं बोलतात. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारू, आणि उत्तरं कापायची कशी?

उत्तर: मी जळगाव जिल्ह्यात शेतीच्या व्हिडिओंचं संकलन करतो. माझ्या अनुभवात उत्तर लांबतं ते बहुतेक वेळा प्रश्नामुळे. ‘हरण्या रोग म्हणजे काय?’ असं विचारलंत की सर विषाणूच्या नावापासून सुरुवात करणार, कारण वर्गात ते तसंच शिकवतात. त्याऐवजी बागेतलं रोगट पान त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘सर, यात रोग नेमका कुठे दिसतोय?’ बोट पिवळ्या पट्ट्यांवर जातं, मग ते पोंग्याच्या सडण्याबद्दल सांगतात आणि उत्तर आपोआप आटोपशीर होतं.

त्यानंतर रोग पसरतो कसा, मग आता करायचं काय, मग पुढच्या लागवडीआधी काय पाहायचं, असा क्रम ठेवा. प्रसाराचा प्रश्न उपायाच्या आधीच हवा. रोगट झाड उपटून बागेबाहेर नष्ट करा, हा सल्ला टिश्यू कल्चरच्या रोपांना पैसे मोजलेल्या माणसाला सहज पटत नाही. मावा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर विषाणू नेतो आणि काकडी, भोपळ्यासारख्या पिकांवरही तो विषाणू राहतो, हे आधी ऐकलेलं असेल तरच पटतं. रोपं रोगट आली तर जबाबदारी कोणाची, हा नाजूक प्रश्न अगदी शेवटी विचारा. तो आधी आला की पुढची सगळी उत्तरं जपून, मोजून मापून येतात.

उपप्रश्न कागदावर मुख्य प्रश्नाखाली ‘असं म्हणाले तर’ या पद्धतीने लिहून ठेवा. ‘झाड काढून टाका’ म्हणाले, तर: ‘काढून कुठे टाकायचं? बांधावर ठेवलं तर चालेल का?’ ‘वेळेवर फवारणी करा’ म्हणाले, तर: ‘वेळेवर म्हणजे बागेत काय दिसल्यावर?’ उत्तर पुस्तकी झालं, तर: ‘सर, बांधावर शेतकऱ्याने विचारलं असतं तर कसं सांगितलं असतं?’ या शेवटच्या प्रश्नाने माझी बरीच कापाकापी वाचते, कारण तेच उत्तर निम्म्या वेळात आणि बोलीच्या जवळ येतं. सर बोलत असताना ‘हं, हं’ करू नका, नुसती मान हलवा. उत्तर संपल्यावर दोन सेकंद थांबून मगच पुढचं विचारा. त्या शांततेत कात्री नीट बसते.

खुणा चित्रीकरण चालू असतानाच करायच्या. कॅमेऱ्यावरची वेळ लिहा आणि पुढे एक अक्षर: ‘ठे’ म्हणजे ठेवा, ‘पु’ म्हणजे पुनरुक्ती, ‘अ’ म्हणजे अट. संगणकावर त्याच वेळा बघत मार्कर लावा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये M दाबलं की लागतो.

यात ‘अ’ सगळ्यात महत्त्वाचं. समजा उपायाचं उत्तर चार मिनिटांचं आहे आणि उतरवल्यावर त्यातला एक तुकडा असा आहे:

[फवारणी करावी,] {म्हणजे बघा, मागे एका बागेत आम्ही गेलो होतो…} [पण ती माव्यासाठी. विषाणूवर औषध नाही, रोगट झाड काढावंच लागतं.]

चौकोनी कंस ठेवायचे, महिरपी कापायचे. मधली बागेची गोष्ट गेली तरी चालेल. पण वेळ वाचवायला ‘फवारणी करावी’ इथेच कापलंत, तर बघणारा औषध मारेल आणि रोगट झाड तसंच उभं ठेवेल. आपल्या मराठीत ‘नाही’ आणि ‘पण’ बऱ्याचदा उशिरा येतात, त्यामुळे क्रियापद संपून आवाज खाली उतरल्याशिवाय कापू नका. आवाज वर असताना कापलं की वाक्य अर्धवट आहे हे कानाला लगेच कळतं. ‘अ’ लिहिलेली ओळ, औषधाचं नाव आणि प्रमाण असलेलं वाक्य मी कधीच मधून तोडत नाही. तिथे लांबी कमी करायची असेल तर अख्खं उदाहरण काढतो.

दोन तुकडे जोडले की सरांचं डोकं एकदम हललेलं दिसतं. त्या जागेवर कागदावर त्रिकोण काढा आणि वर पानाचं, पोंग्याचं किंवा माव्याचं जवळून घेतलेलं चित्रण टाका. हे चित्रण मुलाखतीच्याच दिवशी, त्याच बागेत घ्या. प्रत्येक त्रिकोणाला चार-पाच सेकंद लागतात, म्हणून एकेक दृश्य निदान दहा सेकंद कॅमेरा न हलवता घ्या.

कापून झालेलं उपायाचं उत्तर टाकण्याआधी सरांना एकदा पाठवा. त्यांच्या तोंडचा सल्ला बदललेला नाही ना, एवढंच त्यांना बघायला सांगा.