फेज वन झाला, पण फेज टू अडला

“सर, डिप्लोमानंतर मी सीसीएनए केलं. मिहानमधल्या एका कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, दोन ऑफिसांमध्ये आयपीसेक टनेल मोडच का, ट्रान्सपोर्ट का नाही? आणि फेज वन झाला, फेज टू होत नाही, तर काय बघशील? मी व्याख्या सांगितल्या, त्यांचं समाधान झालं नाही. काय सांगायला हवं होतं?”
– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

त्यांना तुझ्याकडून राउटरसमोर बसणाऱ्या माणसाचं उत्तर हवं होतं. समज, सीताबर्डीच्या ऑफिसचं नेटवर्क 192.168.10.0/24 आणि बुटीबोरीच्या कारखान्याचं 192.168.20.0/24 आहे. हे खासगी पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. ट्रान्सपोर्ट मोडमध्ये मूळ आयपी हेडर तसाच राहतो, फक्त आतला मजकूर एन्क्रिप्ट होतो. मग ते पॅकेट बुटीबोरीला पोचणार कसं? टनेल मोडमध्ये आख्खं पॅकेट एन्क्रिप्ट होतं आणि वर दोन्ही राउटरच्या पब्लिक पत्त्यांचा नवा हेडर चढतो. ट्रान्सपोर्ट शोभतो तो दोन यंत्रं थेट बोलत असतील तिथे, किंवा जीआरईने आधीच नवा हेडर दिला असेल तिथे.

आता फेज. आयकेईच्या पहिल्या आवृत्तीत फेज वनमध्ये राउटर एकमेकांची ओळख पटवतात आणि स्वतःच्या बोलण्यासाठी सुरक्षित वाट करतात. प्री-शेअर्ड की, एन्क्रिप्शन, हॅश, डिफी-हेलमन ग्रुप जुळले नाहीत तर गाडी इथेच थांबते. सिस्कोवर हे बघ:

```
show crypto isakmp sa
show crypto ipsec sa
```

पहिल्या कमांडला `QM_IDLE` दिसलं की बरेच जण टनेल झाला म्हणतात. त्याचा अर्थ फक्त फेज वन झाला एवढाच. खरा डेटा नेणाऱ्या एसए फेज टूमध्ये बनतात, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी. कोणत्या नेटवर्कचा डेटा कोणत्या नेटवर्कसाठी, हेही तिथेच ठरतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

समज, बुटीबोरीच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये कुणी सीताबर्डीसाठी 192.168.10.0/24 ऐवजी 192.168.0.0/16 लिहिलं. बुटीबोरीने सुरुवात केली की सीताबर्डीचा राउटर ही मोठी मागणी नाकारतो, डीबगमध्ये `proxy identities not supported` येतं. सीताबर्डीने सुरुवात केली तर मागणी लहान असते, बुटीबोरीच्या यादीत बसते आणि टनेल उठतो. म्हणून “कधी चालतं, कधी नाही” अशी तक्रार आली की मी आधी दोन्ही याद्या आरशासारख्या उलट-सुलट जुळतात का ते बघतो. त्या जुळल्या तर ट्रान्सफॉर्म सेट आणि पीएफएसचा ग्रुप.

एसए बनूनही पिंग जात नसेल, तर दुसऱ्या कमांडमधले `encaps` आणि `decaps` हे आकडे वाच. `encaps` वाढतोय, `decaps` शून्यावर, म्हणजे तुझ्याकडून माल जातोय, पण उत्तर येत नाही. समोरचा रूट आणि नॅटमधून दिलेली सूट तपास. दोन्ही शून्य असतील तर डेटा टनेलपर्यंत पोचतच नाही, आधी आपलंच नॅट बघ.

आयकेईच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिली डेटा एसए ओळख पटवतानाच बनते, हेही पुढच्या वेळी सांग. तोवर पॅकेट ट्रेसरमध्ये दोन राउटर जोड, मुद्दाम एकीकडचा मास्क चुकव आणि दोन्ही बाजूंनी पिंग करून बघ.