स्निचच्या १५० गुणांविषयी

प्रिय स्नेही,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीतले जादूच्या शाळेतल्या सामन्याचे प्रकरण आणि त्यासोबतचे पत्र, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतल्या क्विडिच या उडत्या झाडूंवर बसून खेळायच्या खेळाची गुणपद्धती सदोष आहे, एका खेळाडूने स्निच हा चिमुकला उडता सोनेरी चेंडू पकडला की उरलेल्या सगळ्यांची मेहनत वाया जाते, आणि म्हणून तुझ्या खेळातला सोनेरी पक्षी पकडण्याचे तू केवळ ३० गुण ठेवलेस, असे तू कळवले आहेस. खेळ म्हणून पाहिले तर तुझा आक्षेप मला मान्य आहे. परंतु कादंबरीत नियमाचे काम वेगळे असते, आणि ते काम हा नियम कसे करतो हे नीट पाहिल्याशिवाय तू त्यात बदल करू नयेस, असे मला मनापासून वाटते.

प्रथम हिशेब स्पष्ट करून घेऊ. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. तीन चेसर क्वॅफल नावाचा चेंडू समोरच्या तीन कड्यांपैकी एकीतून पार करतात आणि प्रत्येक गोलाचे १० गुण मिळवतात, कीपर त्या कड्या राखतो, आणि दोन बीटर अंगावर धावून येणारे ब्लजर नावाचे चेंडू परतवतात. सातवा खेळाडू सीकर. त्याने स्निच पकडला की त्याच्या संघाला १५० गुण मिळतात आणि सामना त्याच क्षणी संपतो. वेळेची मर्यादा नसते. म्हणजे स्निच पंधरा गोलांच्या बरोबरीचा आहे, आणि तो पकडणारा संघ हरायचा असेल तर त्या क्षणी तो १५० पेक्षा अधिक गुणांनी मागे असायला हवा. असे क्वचितच घडते, म्हणून चेसरांचे गोल शोभेपुरते वाटतात. तुझी तक्रार नेमकी इथली आहे.

मात्र या नियमात दोन वेगळे अधिकार एकाच मुठीत दिलेले आहेत, हे तुझ्या नजरेतून सुटले असावे. एक अधिकार गुणांचा आणि दुसरा सामना संपवण्याचा. गुण नेहमीच हवेसे असतात, पण शेवट मात्र प्रत्येक वेळी हवासा असतोच असे नाही. ज्या प्रसंगात या दोन गोष्टी परस्परविरोधी दिशांना ओढू लागतात, त्या प्रसंगात हा वरवर भाबडा वाटणारा नियम कथानकाला विलक्षण ताण देतो. तिसऱ्या पुस्तकातला, म्हणजे १९९९ साली आलेल्या ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’मधला अंतिम सामना हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, आणि तो तू कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा वाचावास.

हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत विद्यार्थ्यांचे चार गट, म्हणजे हाउस, आहेत आणि प्रत्येक हाउस उरलेल्या तिघांशी एकदा खेळते. चषकासाठी नुसते जिंकलेले सामने मोजून भागत नाही, मिळवलेल्या गुणांची बेरीजही धरली जाते. त्या वर्षी ग्रिफिंडॉर पहिल्याच सामन्यात हफलपफकडून १०० गुणांनी हरते, कारण मैदानात डिमेंटर नावाचे भयंकर पहारेकरी शिरतात आणि ग्रिफिंडॉरचा सीकर हॅरी बेशुद्ध होऊन झाडूवरून खाली कोसळतो. पुढे रेव्हनक्लॉला हरवूनही, अखेरच्या सामन्याच्या वेळी स्लिदरिन बरोबर २०० गुणांनी पुढे असते. लेखिकेने हा आकडा किती विचारपूर्वक निवडला आहे ते पाहा. स्निचचे १५० गुण मिळाले तरी ५० गुणांची तूट उरते. गोल दहा-दहाचे असल्याने ५० च्या आघाडीवर स्निच पकडला तर केवळ बरोबरी होईल, चषक हवा असेल तर आघाडी किमान ६० ची पाहिजे. संघनायक ऑलिव्हर वुड हॅरीला हेच पुन्हा पुन्हा बजावतो: आपण ५० पेक्षा अधिक गुणांनी पुढे असलो तरच स्निच पकड, नाहीतर सामना जिंकूनही चषक गमवावा लागेल.

एवढ्या एका वाक्याने नायकाची स्थिती उलटीपालटी होते. ज्याचे संघातले एकमेव काम स्निच पकडणे, त्यालाच तो पकडण्याची मनाई होते. शिवाय ही मनाई एकतर्फी आहे. स्लिदरिनचा सीकर ड्रेको मॅल्फॉय याला स्निच कोणत्याही क्षणी चालतो, हॅरीला मात्र सहा गोलांची आघाडी मिळाल्यावरच. दोन प्रतिस्पर्धी एकाच वस्तूमागे असूनही त्यांच्या गरजा सारख्या नाहीत, आणि त्या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक हालचाल या विषमतेतून निघते. सामन्याच्या सुरुवातीच्या भागात हॅरीला स्निच दिसतो, तेव्हा तो त्याच्याकडे झेपावत नाही. काहीतरी दिसल्याचा आव आणून तो उलट दिशेला सुसाटतो आणि मॅल्फॉयला आपल्यामागे ओढून नेतो. सीकरने स्निचपासून दूर पळावे, हे दृश्य दुसऱ्या कोणत्याही गुणपद्धतीत सहजासहजी सुचले नसते.

पुढे गुणफलक ७०–१० होतो. आघाडी ६० ची झाल्याने दार उघडते, हॅरीला स्निच दिसतो आणि तो झेप घेतो. त्याच क्षणी मॅल्फॉय त्याच्या फायरबोल्ट या झाडूची शेपटी धरून त्याला मागे खेचतो आणि स्निच नाहीसा होतो. या फाउलबद्दल मिळालेली पेनल्टी ग्रिफिंडॉर दवडते, स्लिदरिन गोल करते आणि फलक ७०–२० वर येतो. घाईघाईने वाचणाऱ्याला हा एक सामान्य गोल वाटेल, पण त्याने आघाडी ५० वर आणली आहे, म्हणजे उघडलेले दार पुन्हा बंद केले आहे. आता हॅरीने स्निच पकडला तर उपयोग नाही आणि मॅल्फॉयने पकडला तर सर्वस्व गेले. म्हणून हॅरी स्निच शोधण्याऐवजी मॅल्फॉयला अडवत राहतो. मग अँजेलिना जॉन्सन क्वॅफल घेऊन निघते, तिला रोखायला स्लिदरिनचे खेळाडू धावतात, आणि हॅरी आपला झाडू थेट त्यांच्यावर घालून त्यांना पांगवतो. गोल होतो, ८०–२०. इकडे मॅल्फॉयला स्निच दिसलेला आहे आणि तो खाली सूर मारतो आहे. हॅरी मागून येऊन त्याला गाठतो आणि स्निच पकडतो. शेवटचा फलक २३०–२०, फरक २१० चा. ज्या चेसरांची मेहनत व्यर्थ जाते अशी तुझी तक्रार आहे, त्यांचा तो एक गोल काढून टाकलास तर चषक हातातून जातो.

म्हणजे तुला खटकलेला दोष लेखिकेने १५० चा आकडा कमी करून दूर केला नाही, त्याच्याभोवती स्पर्धेची गुणतालिका उभी करून दूर केला. (या आकड्यालाही तिने त्या जगातला इतिहास दिला आहे. १२६९ साली एका सामन्यात स्निजेट नावाचा चिमुकला पक्षी सोडून तो पकडणाऱ्यास १५० गॅलिअनचे, म्हणजे जादूगारांच्या सोन्याच्या नाण्यांचे, बक्षीस जाहीर झाले आणि पुढे तोच आकडा गुण म्हणून रूढ झाला, असे तिने त्या खेळाच्या इतिहासावरील छोट्या पुस्तकात लिहिले आहे. वाचकाला आकडा मनमानी वाटू नये यासाठी घेतलेली ही काळजी मला फार आवडते.)

नियमाच्या दुसऱ्या टोकाचा उपयोग चौथ्या पुस्तकात, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसतो. आयर्लंडचे चेसर इतके सरस आहेत की फलक १७०–१० होतो, आणि अशा वेळी बल्गेरियाचा सीकर व्हिक्टर क्रम स्निच पकडतो. बल्गेरियाचे १६० होतात आणि सामना दहा गुणांनी जातो. क्रमला हे कळत नसेल असे नाही. आयर्लंडच्या चेसरांपुढे आपला संघ सावरणार नाही हे ओळखून त्याने सामना स्वतःच्या अटींवर संपवला, असा अर्थ हॅरी लावतो आणि मला तो पटतो. इथे गुणांचा अधिकार निरुपयोगी ठरला आहे आणि फक्त शेवटाचा अधिकार वापरला गेला आहे, आणि त्यामुळे क्रमचा स्वभाव एका कृतीत कळतो.

पण त्या सामन्याचे खरे काम मैदानाबाहेर आहे. हॅरीच्या मित्राचे जुळे भाऊ फ्रेड आणि जॉर्ज यांनी आपली सगळी बचत, ३७ गॅलिअन, १५ सिकल आणि ३ नट, लुडो बॅगमन या जादू मंत्रालयातल्या अधिकाऱ्याकडे पैजेवर लावलेली असते, आणि पैज अशी की आयर्लंड जिंकेल पण स्निच क्रम पकडेल. हा निकाल केवळ आघाडी १५० च्या पुढे गेली तरच संभवतो, म्हणून पैज धाडसी ठरते आणि तिचा मोबदला मोठा. बॅगमन त्यांना लेप्रकॉनचे सोने देतो, ते काही काळाने विरून जाते, आणि जुळ्या भावांची त्याच्यामागची कुजबुज आणि पत्रे पुस्तकभर चालू राहतात. शेवटी हॅरी त्याच पुस्तकातल्या तीन शाळांच्या स्पर्धेत जिंकलेले १,००० गॅलिअन त्यांना देतो आणि त्यातून त्यांचे विनोदी वस्तूंचे दुकान उभे राहते. स्निच ३० गुणांचा असता तर हरणाऱ्या संघाने तो पकडणे ही रोजची गोष्ट झाली असती, आणि त्या पैजेत काही दम उरला नसता. तुझ्या ३० गुणांची किंमत मी इथे मोजतो आहे.

या नियमाच्या मर्यादाही आहेत. तालिका नुसती सांगितली आणि सामना दाखवला नाही, तर हिशेब कोरडा राहतो. सहाव्या पुस्तकात चषकासाठी रेव्हनक्लॉवर ३०० गुणांच्या फरकाने विजय हवा असतो, पण हॅरी शिक्षा भोगत असल्याने सामना आपल्याला दिसत नाही, आणि ४५०–१४० हा निकाल फक्त कानावर पडतो. तो प्रसंग जिनी आणि हॅरीच्या प्रेमासाठी लिहिलेला आहे आणि तिथे तो योग्यच आहे, परंतु त्या आकड्यांनी कुणाचा श्वास रोखला जात नाही.

आता तुझ्या प्रकरणाकडे. त्यात पक्षी दिसतो, नायिका तो पकडते आणि संघ जिंकतो. मी त्यातले सगळे गोल खोडून पुन्हा वाचले, तर एकही निर्णय बदलला नाही. नायिकेला कुठेही थांबावे लागत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला तिच्यापेक्षा वेगळे काही नको असते, म्हणून पक्ष्याचे गुण ३० ठेव किंवा ३००, फरक पडणार नाही. प्रकरण पुन्हा लिहिण्याआधी तुझ्या शाळेच्या स्पर्धेची पूर्ण तालिका मांड: कोण कोणाशी खेळले, किती गुणांनी हरले, शेवटच्या सामन्याआधी कोण किती पुढे आहे. मग नायिकेला कोणत्या फरकानंतरच पक्षी पकडणे परवडते आणि प्रतिस्पर्ध्याला तो केव्हा परवडतो, हे दोन आकडे वेगवेगळे येतील अशी ती जुळव. ती तालिका मला आधी पाठव, प्रकरण नंतर वाचू.

तुझा हितचिंतक