महिनाअखेरचा ऑटोमेटेड रिपोर्ट उशिरा गेला, फायनान्स हेडना पत्र कसं लिहू?

प्रश्न: मी अ‍ॅनालिस्ट आहे. महिनाअखेरचा रिपोर्ट आपोआप जातो, यावेळी बराच उशिरा गेला. काय झालं आणि काय दुरुस्त केलं हे फायनान्स हेडना लेखी द्यायचंय, कसं लिहू?

उत्तर:

मी हेच काम करतो. पत्रात आधी आकडे बरोबर आहेत की नाहीत ते सांगा, उशिराचं कारण त्यानंतर. त्यांना पहिली काळजी तीच असते, उशिरा आलेला रिपोर्ट एकवेळ चालवून घेता येतो पण चुकीचा आकडा पुढे मॅनेजमेंटला सांगून झाला असेल तर निस्तरणं फार अवघड जातं. आमच्याकडे असंच झालं होतं तेव्हाचं पत्र देतो, वेळा तुमच्या टाका.

विषय: महिनाअखेरचा रिपोर्ट सकाळी ९ ऐवजी दुपारी २:३० ला मिळाल्याबाबत

मॅडम,

दुपारी पाठवलेले आकडे ट्रायल बॅलन्सशी खातेनिहाय जुळवलेले आहेत, तेच वापरावेत. त्याआधी कुणालाही अपुरा रिपोर्ट गेलेला नाही.

लेजरमधल्या एंट्र्या रोज पहाटे ४ ला रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये यायला लागतात आणि ५ पर्यंत येऊन होतात, म्हणून रिपोर्टचा जॉब ६ ला लावलेला होता. यावेळी प्रोव्हिजन आणि घसाऱ्याच्या एंट्र्या एकदम आल्यामुळे लोड ७:४० ला संपला. जॉब मात्र ठरल्या वेळी ६ ला सुरू झाला आणि तोवर जेवढं आलं होतं तेवढ्यावरच रिपोर्ट बनला, सिस्टिमने तो यशस्वी दाखवला. पाठवण्याआधी बघताना घसाऱ्याचं खातं शून्य दिसलं म्हणून तो थांबवला. लोड पूर्ण झाल्यावर पुन्हा काढून खाती हाताने जुळवली, त्यात दुपार झाली.

आता जॉब घड्याळावर चालत नाही, लोड पूर्ण झाल्याची नोंद पडली की मगच सुरू होतो. त्यानंतर प्रत्येक खातं ट्रायल बॅलन्सशी जुळलं तरच रिपोर्ट बाहेर पडतो. मागच्या महिन्याचा लोड मुद्दाम अर्ध्यावर तोडून पाहिलं, रिपोर्ट निघाला नाही आणि कुठली खाती जुळत नाहीत त्यांची यादी आली. सकाळी ८ पर्यंत लोड संपला नसेल तर तुम्हाला तसा मेसेज येईल.

लोड स्वतः मात्र अजून तेवढाच वेळ घेतो, कारण तो दरवेळी पूर्ण वर्षाच्या एंट्र्या पुन्हा वाचतो. फक्त चालू महिना वाचण्याचा बदल टेस्टिंगमध्ये आहे. तसंच लोड सुरू झाल्यानंतर पोस्ट झालेली एंट्री त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये येणार नाही, त्यासाठी पोस्टिंगची शेवटची वेळ आपल्याकडून ठरवून हवी आहे.

पत्र एवढंच. आता तुमच्यासाठी जरा आतलं, कारण मॅडमनी आम्हाला लगेच विचारलं होतं की डेबिट-क्रेडिटचा चेक असताना हे पकडलं का गेलं नाही, आणि प्रश्न अगदी रास्त होता. व्हाउचर आपल्याआपण बॅलन्स असतं ना, मग पन्नास व्हाउचर अख्खीच्या अख्खी आली नाहीत तरी उरलेल्यांचा फरक शून्यच येतो. तो चेक अर्धवट आलेलं व्हाउचर पकडेल, न आलेलं पकडणार नाही. म्हणून लेजर सॉफ्टवेअरमधून थेट घेतलेल्या ट्रायल बॅलन्सशीच जुळवायचं, रिपोर्टिंग डेटाबेसमधून बनवलेल्या नाही, नाहीतर दोन्हीकडे तीच एंट्री गायब असते आणि सगळं छान जुळतं.

```sql
SELECT t.account, t.net - COALESCE(g.net, 0) AS diff
FROM trial_balance t
LEFT JOIN gl_month g ON g.account = t.account
WHERE t.net <> COALESCE(g.net, 0);
```

दोन्हीकडचा `net` म्हणजे त्याच महिन्याची उलाढाल. इथे साधा `JOIN` चालत नाही हं, घसाऱ्याची एकही एंट्री आली नसेल तर `gl_month` मध्ये ते खातंच नसतं, साध्या `JOIN` मध्ये ती ओळ गळून पडते आणि चेक म्हणतो सगळं ठीक. ही क्वेरी एकही ओळ देत नसेल तरच रिपोर्ट सोडा.

हे SQL पत्रात घालू नका, मागितलं तर वेगळं द्या. आणि "पुन्हा असं होणार नाही" असंही लिहू नका, नवीन व्यवस्था खऱ्या महिनाअखेरीच्या लोडवर अजून चाललेली नाही. पुढच्या क्लोजिंगनंतर लोड किती वाजता संपला आणि रिपोर्ट किती वाजता गेला हे कळवतो असं लिहा, आणि त्या दिवशी खरंच कळवा.