मसालेदार म्हणजे तिखट नव्हे

प्रश्न : आमच्या हॉटेलचं मेन्यूकार्ड मराठीत करतोय. ‘स्पायसी’ला मसालेदार लिहायचं की तिखट? पदार्थांची नावंही बदलायची का? आणि खाली ‘कंटेन्स नट्स’ अशी सूचना असते, तिचं मराठी काय करायचं?

नावांना हात लावू नका. चिकन लॉलीपॉप हे चिकन लॉलीपॉपच राहू द्या. त्याचं ‘कोंबडीची चोखकांडी’ केलंत तर गिऱ्हाईक हसून उठून जाईल. नाव तसंच ठेवून त्याखाली आत काय आहे ते एका ओळीत सांगा.

आता ‘मसालेदार’. हल्ली जिकडेतिकडे ‘स्पायसी’चं मसालेदार करून ठेवलेलं दिसतं आणि माझं डोकं फिरतं. मसालेदार म्हणजे ज्यात लवंग, दालचिनी, वेलची, धणे असा मसाला ठळकपणे लागतो ते. जिभेला जाळतं ते तिखट. दोन्ही गुण एकत्र येतातही, पण येतीलच असं नाही. कोल्हापूरचा पांढरा रस्सा मसालेदार असतो, तिखट बेताचाच. उलट हिरव्या मिरचीचा ठेचा चांगलाच तिखट, पण त्यात मसाल्याचा पत्ता नसतो. इंग्रजीला दोन्हीसाठी एकच शब्द पुरतो, म्हणून आपणही एकावरच भागवायचं?

तिखट या शब्दाची गंमत तर वेगळीच आहे. काही जाणकार तो संस्कृत ‘तिक्त’वरून आणतात. दोन्ही शब्द ‘ति’नेच सुरू होतात, एवढाच त्यांचा पुरावा. ‘क्त’चं मराठीत काय होतं ते जरा पाहा. भक्ताचा भात झाला, सक्तूचे सातू झाले, मौक्तिकाचा मोती झाला. यात ‘ख’ कुठे दिसतो का? ‘ख’ येतो ‘क्ष’मधून : लक्षाचे लाख, क्षाराचा खार. तेव्हा तिखट आला तो ‘तीक्ष्ण’वरून, प्राकृतातल्या ‘तिक्ख’च्या वाटेने. शेवटचा ‘ट’ आंबट, खारट, तुरट यांच्याच पंगतीतला. सहा चवींपैकी चार ‘ट’ने संपतात, गोड आणि कडू तेवढे वेगळे पानावर बसलेत.

खरी मौज त्या कडूत आहे. कडू आला ‘कटु’वरून, पण संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू! आयुर्वेदातलं त्रिकटु आठवा : सुंठ, मिरं आणि पिंपळी. तिन्ही जीभ पोळणारे, कडू त्यातलं एकही नाही. कारलं आणि कडुनिंब मात्र वैद्यांच्या लेखी तिक्त. म्हणजे आपण शब्द कटुचा ठेवला आणि अर्थ तिक्तचा त्याच्या गळ्यात बांधला. बंगालीत तिक्तपासून आलेला ‘तेतो’ अजूनही कडूच आहे. माझा तर्क असा की तिक्तचं प्राकृत रूप तित्त आणि तीक्ष्णचं तिक्ख हे दोन शब्द कानाला फार जवळचे झाले. स्वयंपाकघरात घोटाळा व्हायला लागला, तेव्हा तिखटपणाची जागा तिक्खने घेतली, तित्त आपल्याकडून हद्दपार झाला आणि बेकार झालेल्या कटुला कडूपणाची नोकरी मिळाली. हा तर्क कुणाला पटवता आलेला नाही, पण माझा पिच्छा तो सोडत नाही. जुन्या अर्थाचा एक अवशेष मात्र उत्तरेत जिवंत आहे. तिकडे मोहरीच्या तेलाला ‘कडवा तेल’ म्हणतात. ते कडू नसतं, नाकात झिणझिण्या आणतं. एका मेन्यूकार्डावर ‘कडू तेलातील मासे’ वाचलं होतं, तेव्हा हसावं की रडावं कळेना. ‘मोहरीच्या तेलातले’ एवढं लिहिलं असतं तरी काम भागलं असतं.

आणि हो, ही सगळी नावाची उलथापालथ मिरचीच्या आधीची. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तोवर तिखटाचा मान मिऱ्याचा होता, म्हणून तर नव्या पाहुणीचं बारसं ‘मिरची’ असं झालं.

असो. कार्डावर तीन पायऱ्या लावायच्या असतील तर ‘कमी तिखट’, ‘तिखट’, ‘झणझणीत’ पुरेत. ‘चमचमीत’ या रांगेत घुसवू नका. चमचमीत म्हणजे चवदार, खमंग; तो पदार्थ जाळेलच असं नाही.

तुमच्या नट्सकडे येतो. ‘यात सुकामेवा आहे’ असं कृपा करून लिहू नका. माझ्या भाच्याला शेंगदाण्याची ऍलर्जी आहे. एका हॉटेलात आम्ही विचारलं, “सुकामेवा नाही ना यात?” वेटर म्हणाला, “नाही काका.” तो खोटं बोलला नव्हता. भरल्या वांग्यात दाण्याचं कूट होतं, आणि मराठी माणसाच्या डोक्यात शेंगदाणा सुकामेव्यात येत नाही. पहिल्या दोन घासांतच पोराचे ओठ सुजले, ताट टाकून दवाखाना गाठावा लागला. उलट मनुका, खारीक सुकामेव्यात येतात, पण त्यांचा नट्सशी संबंध नाही. ‘कठीण कवचाची फळे’ हे पुस्तकी रूपही नको, ते वाचून लोक आधी नारळाकडे बघतात. तेव्हा नावं घ्या : शेंगदाणे, काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते. ज्याला जे बाधतं ते त्याला नावानेच कळतं.

भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांत ऍलर्जीकारकांचे आठ गट आहेत : ग्लूटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि नट्स, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणावर गेलेलं सल्फाइट. तीळ आणि मोहरी त्यात नाहीत; युरोपच्या चौदा जणांच्या यादीत दोन्ही आहेत. आपल्या स्वयंपाकात या दोघांशिवाय दिवस जात नाही, तेव्हा तीही लिहा. ग्लूटेनचा चोर शोधायचा तर हिंगाचा डबा उलटा करून वाचा : बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. फोडणी दिलेलं साधं वरणही मग ‘ग्लूटेनविरहित’ म्हणता येत नाही.

ऍलर्जीला ‘वावडे’ लिहा असा आग्रह धरणाऱ्या शुद्धलेखनवीरांशी माझं जुनं भांडण आहे. शब्द देखणा आहे, कबूल. पण “त्याला कामाचं वावडं आहे” असं आपण रोज म्हणतो, म्हणजे त्याचा अर्थ नावडीपर्यंत पातळ झालाय. वाचणारा म्हणेल, नावडतं तर बाजूला काढीन. इथे ऍलर्जीच हवं. तसंच ‘असू शकतात’ आणि ‘आहेत’ यांची सरमिसळ करू नका. कूट घातलं असेल तर ‘आहेत’. कढई तीच आहे म्हणून अंश येण्याची शक्यता असेल तर तेच सांगा : ‘याच कढईत शेंगदाण्याचे पदार्थही होतात’.

तुमच्या कार्डावर पांढरा रस्सा आहे असं धरून एक नोंद करून दाखवतो. आधी आचाऱ्याला समोर बसवून घटक विचारून घ्या, कारण प्रत्येक घरची कृती निराळी.

पांढरा रस्सा. मटणाच्या अळणीत नारळाचं दूध, काजू, तीळ आणि खसखस वाटून. मसालेदार, कमी तिखट. काजू आणि तीळ आहेत.

या ‘अळणी’वर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याच्या नावावर, कुणीतरी नक्की आक्षेप घेईल, कारण शब्द अलवणवरून आला, म्हणजे बिनमिठाची. कोल्हापूरच्या अळणीत मीठ असतं. त्यावर पुन्हा कधीतरी.